केसांवरचं शेवाळ : ग्रीन स्क्रीनची हिरवी झाक कुठून येते आणि कशी काढायची

"अगं, हे माझे केस आहेत की विहिरीतलं शेवाळ?" बारावीला केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईंनी पहिलं लेक्चर पाहिलं आणि पहिला प्रश्न हा विचारला. खरं तर फळा छान दिसत होता, मागची प्रयोगशाळाही बरी बसली होती, पण कानापासून खांद्यापर्यंत केसांच्या कडेने हिरवी किनार लखलखत होती. मी क्लासेसची लेक्चर्स, कीर्तनं आणि अधूनमधून लग्नाचे टीझर शूट करते आणि स्वतःच एडिट करते. ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे, की आता मी ती ठरलेल्या क्रमाने तपासते. सगळ्यात स्वस्त तपासणी आधी आणि वेळ खाणारी शेवटी. खाली तोच क्रम आहे, आणि उदाहरणही बाईंच्याच शूटचं घेतलं आहे.

लक्षणं नीट वाचा

की करणं म्हणजे सॉफ्टवेअरने हिरवा पडदा उडवून माणूस वेगळा काढणं, आणि ते काम करणारा इफेक्ट म्हणजे कीअर. "की नीट होत नाहीये" असं सगळेच म्हणतात, पण त्यात किमान चार वेगवेगळे आजार असतात.

केसांवर, गालाच्या बाजूला, कानाच्या पाळीवर आणि खांद्यावर हिरवी झाक पसरली असेल, आत जाताना ती हळूहळू विरत असेल, तर तो प्रकाशाचा दोष. पडद्यावरून उसळलेला हिरवा उजेड माणसावर पडला आहे. यालाच आपण स्पिल म्हणतो.

हिरवं फक्त कडेच्या एक-दोन पिक्सेलमध्ये असेल आणि झूम केल्यावर ती कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसत असेल, तर दोष फाइलचा. यात उजेड निर्दोष असू शकतो.

केस कातरल्यासारखे सपाट दिसत असतील, डोक्यावर हेल्मेट घातल्यासारखं वाटत असेल, तर की जास्त कडक झाली आहे. बहुतेक वेळा त्यामागे पडद्यावरचा असमान उजेड असतो. काळवंडलेला कोपरा साफ करायच्या नादात आपण केसही साफ करून टाकतो.

आणि हिरवं गेलं, पण जागी राखाडी किंवा काळपट किनार आली असेल, तर औषध जास्त झालं. हे लक्षण मूळ आजाराचं नाही, उपचाराचं आहे.

पहिली तपासणी : की बंद करून मूळ शॉट पाहा

याला पैसे लागत नाहीत आणि दोन मिनिटं पुरतात. तरीही नव्वद टक्के लोक हे करत नाहीत, थेट स्लायडर ओढायला लागतात. कीइंगचा इफेक्ट बंद करा, शॉट 200 टक्के झूम करा आणि केसांच्या कडेपासून बोटभर आत, जिथे केस दाट आहेत तिथे आयड्रॉपर ठेवून रंगाचे आकडे वाचा. काळ्या केसांमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तीनही आकडे जवळपास सारखे यायला हवेत, लाल किंचित वर चालतो.

बाईंच्या शॉटमध्ये आकडे आले लाल 44, हिरवा 71, निळा 38. हिरवा इतका वर असेल तर केसांवर खरोखरच हिरवा उजेड पडला आहे आणि तो कॅमेऱ्यातूनच आला आहे. कीअर बदलून, प्लगइन विकत घेऊन इथे काही होणार नाही. उलट आतले केस स्वच्छ असतील आणि फक्त टोकाशी हिरवं असेल, तर पडदा-लाइटला हात न लावता सरळ कॅमेऱ्याच्या सेटिंगकडे जा.

दुसरी : कॅमेऱ्यातल्या फुकट दुरुस्त्या

मोबाइल काय किंवा साधा मिररलेस काय, बहुतेक कॅमेरे व्हिडिओ 4:2:0 पद्धतीने साठवतात. याचा अर्थ असा, की दोन गुणिले दोन अशा चार पिक्सेलच्या चौकोनात उजेडाची नोंद चारही ठिकाणची होते, पण रंगाची नोंद चौघांत मिळून एकच. भाळावरची एक सुटी बट जेमतेम एक पिक्सेल रुंद असते. तिच्या चौकोनातले बाकीचे पिक्सेल पडद्याचे, म्हणजे हिरवे. मग त्या बटेलाही शेजाऱ्यांचा रंग वाटून मिळतो. तिच्यावर हिरव्या उजेडाचा कणही पडला नसला, तरी फाइलमध्ये ती हिरवीच उमटते.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे शेवटचा व्हिडिओ 1080 मध्ये द्यायचा असला, तरी शूट 4K मध्ये करायचं. 4K च्या 4:2:0 फाइलमध्ये रंगाची नोंद 1920 गुणिले 1080 इतकी असते. म्हणजे लहान केल्यावर प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. की 4K वर करायची आणि लहान शेवटी करायचं. कॅमेऱ्यात 10 बिट 4:2:2 ची सोय असेल तर तीच वापरा, त्यात रंगाची नोंद दुप्पट असते.

दुसरी गोष्ट शार्पनेसची. कॅमेरा कडा उठावदार दिसाव्यात म्हणून काळ्या केसांभोवती बारीक उजळ रेघ ओढतो. ती रेघ ना केसांची असते ना पडद्याची, त्यामुळे कीअर गोंधळतो. पिक्चर प्रोफाइलमध्ये शार्पनेस सगळ्यात खाली न्या. मूळ शॉट जरा मऊ दिसेल, तो दिसू द्या. शार्प नंतर करता येतं, ओढलेली रेघ नंतर पुसता येत नाही.

व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर हाताने पक्कं करा. ऑटोवर ठेवलं तर समोरचा मोठा हिरवा पडदा पाहून कॅमेरा त्याचा तोल साधायला जातो, बाई फळ्याकडे वळल्या की पडद्याची छटा बदलते आणि एकाच शॉटमध्ये की दोनदा लावावी लागते. आपल्याकडे 25 फ्रेमवर शूट करतो तेव्हा शटर 1/50 ठेवायची सवय असते. हातवारे जोरात असतील तर 1/100 करा. बोटांची आणि वेणीची कड कमी पुसट होते आणि वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे लाइट लुकलुकण्याचा त्रासही सहसा होत नाही. उजेड मात्र निम्मा मिळतो. तो आयएसओ चढवून भरून काढलात तर गाळ, म्हणजे चित्रातले बारीक दाणे, वाढेल, आणि काळ्या केसांतला गाळ की करताना मुंग्यांसारखा वळवळतो. उजेड पुरत नसेल तर 1/50 च बरा.

तिसरी : माणूस पुढे आणा, उरलेला पडदा झाका

माझ्या अनुभवात केसांवरचं हिरवं सगळ्यात जास्त इथेच उतरतं आणि याला खर्च शून्य. त्यामुळे इथे जरा थांबते.

क्लासची खोली पंधरा फूट लांब होती. भिंतीवर दहा फूट रुंद क्रोमा कापड, त्याच्यापुढे जेमतेम दोन फुटांवर बाई. कारण काय, तर "मागे सगळं हिरवंच दिसायला हवं ना, ताई." बाईंच्या डोक्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. दोन फुटांवर दहा फूट रुंद पडदा म्हणजे डावीकडून उजवीकडे जवळजवळ 136 अंश फक्त हिरवं. हा पडदा म्हणजे त्यांच्या पाठीमागे लावलेला एक भलामोठा हिरवा सॉफ्टबॉक्सच झाला.

आणि केस हे कापडासारखे नसतात. खोबरेल तेल लावलेले काळे केस छोट्या आरशांसारखे वागतात. डोक्याच्या कडेला, जिथे केस कॅमेऱ्याकडे तिरके वळतात, तिथे ते मागच्या आणि बाजूच्या पडद्याचं थेट प्रतिबिंब दाखवतात. काळ्या रंगाचा स्वतःचा उजेड फारसा नसतो, म्हणून ते प्रतिबिंब जास्त उठून दिसतं. केस पांढरे असलेल्या कीर्तनकार बुवांवरही तेवढंच हिरवं पडतं, पण ते फिकट, धुवट दिसतं. काळ्या केसांवर ते शेवाळासारखं दिसतं. गालांवर आणि कानांवर येणारं हिरवंही बहुतेक पडद्याच्या दोन टोकांकडून येतं. माणसाच्या बरोबर मागचा पडदा गालाला फारसा दिसतच नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. बाईंना पडद्यापासून सहा फूट पुढे आणलं. कॅमेरा त्यांच्यापासून सहा फुटांवर, उरलेली जागा ट्रायपॉडला आणि मला. आता हिशोब करा. कॅमेऱ्यापासून बाई सहा फुटांवर आणि पडदा बारा फुटांवर, म्हणजे बाईंच्या जागी जी रुंदी एक फूट दिसते तिला पडद्यावर दोन फूट लागतात. हातवाऱ्यांसकट बाई जास्तीत जास्त तीन फुटांत मावत होत्या. म्हणजे पडद्यावर सहा फूट हिरवं पुरे. अख्खी फ्रेम हिरवी असायची गरजच नसते, माणसाच्या अंगाभोवती आणि हात जिथवर जातील तिथवर हिरवं असलं की झालं. बाकीची फ्रेम एडिटमध्ये मास्क आखून कापून टाकायची.

म्हणून पडद्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन फूट आम्ही काळ्या कापडाने झाकले. जमिनीवर लोळणारं हिरवं कापडही गुंडाळून मागे सारलं, कारण शॉट कमरेपर्यंतचाच होता आणि ते कापड विनाकारण हनुवटीखाली हिरवं फेकत होतं. आता सहा फुटांवर सहा फूट रुंद पडदा, म्हणजे बाईंच्या डोक्याला दिसणारं हिरवं 136 वरून साधारण 53 अंशांवर आलं. त्याच जागी आयड्रॉपर ठेवला तेव्हा आकडे आले 41, 47, 37. लाइट तेच, कॅमेरा तोच.

खोली दहा फुटांचीच असेल तर? तर अंतर मिळेल तेवढं, चार फूट तरी घ्या, आणि झाकण्यावर जास्त भर द्या. सहा फुटांचं कापड चार फुटांचं करता येत असेल तर करा. खोलीच्या भिंती पोपटी किंवा पिस्ता रंगाच्या असतील, आणि आपल्याकडे त्या असतातच, तर माणसाच्या दोन्ही अंगांना काळी चादर उभी करा. पांढरं थर्माकोल बाउन्ससाठी वापरत असाल तर ते पडद्याकडे तोंड करून ठेवलेलं नाही ना ते बघा. तसं असेल तर ते पडद्याचा हिरवा उजेड उचलून चेहऱ्यावर टाकतं.

चौथी : पडद्यावरचा उजेड सारखा आहे का, ते डोळ्यांनी ठरवू नका

आपला डोळा असमान उजेड फार सहज माफ करतो, कीअर करत नाही. कीअरला एक हिरवा रंग दाखवायचा असतो. पडद्याच्या एका टोकाला पोपटी आणि दुसऱ्या टोकाला बाटलीचा हिरवा असेल, तर दोन्ही घालवण्यासाठी आपण पकड वाढवतो आणि त्या पकडीत मधले केस सापडतात. केसांची बारीक टोकं म्हणजे अर्धे केस आणि अर्धा पडदा यांचं मिश्रण. सगळ्यात आधी तीच जातात.

मोजायला लाइट मीटर लागत नाही. कॅमेऱ्यातली झेब्रा, म्हणजे ठरावीक उजेडाच्या भागावर पट्टे दाखवणारी सोय, 70 वर लावा. माणसाला बाजूला करा, अ‍ॅपर्चर बंद करत जा, पडद्यावरचे पट्टे पूर्ण जाईपर्यंत. मग एकेक क्लिक उघडत या. पडद्यावर कुठेतरी पहिला पट्टा दिसला की तिथून क्लिक मोजायला सुरुवात करा आणि वापरात येणारा सगळा हिरवा भाग पट्ट्यांनी भरेपर्यंत मोजा. बहुतेक कॅमेऱ्यांत एक क्लिक म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. एक क्लिकमध्ये भरला तर उत्तम, दोनमध्ये भरला तर चालेल. तीन क्लिक लागले म्हणजे पडद्याच्या एका भागावर दुसऱ्यापेक्षा दुप्पट उजेड आहे, शूट सुरू करू नका. मोजून झाल्यावर अ‍ॅपर्चर पुन्हा शूटच्या जागी आणायला विसरू नका. मी एकदा विसरले आहे, आणि चाळीस मिनिटं ओव्हर शूट केलं आहे.

बाईंच्या पडद्यावर सुरुवातीला पाच क्लिक लागले होते. दोन सॉफ्टबॉक्स दोन बाजूंना होते, पण दोन्ही आपापल्या जवळच्या कोपऱ्याकडे तोंड करून, त्यामुळे कोपरे फुटलेले आणि मधे खड्डा. लाइट उलटे वळवा. डावा लाइट पडद्याच्या उजव्या भागाकडे रोखा आणि उजवा डाव्या भागाकडे. जवळच्या भागाला झोताची मंद कड मिळते आणि लांबच्या भागाला झोताचा मधला जोरदार भाग, त्यामुळे जवळ-लांबचा फरक आपोआप भरून निघतो. एवढं केल्यावर दोन क्लिकवर आलो. हे लाइट पडद्यासाठीच ठेवायचे, चेहऱ्याचे वेगळे. माणूस सहा फूट पुढे असल्यामुळे दोन्ही वेगळे ठेवणं शक्य होतं, तीही या अंतराचीच कमाई.

सुरकुत्या म्हणजे छोट्या प्रमाणात हाच प्रश्न. प्रत्येक घडीच्या एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली. कापडाला इस्त्री करा आणि चारही बाजूंनी चिमटे लावून ताणा. सॅटिनसारखं चकाकणारं कापड मात्र कितीही ताणलं तरी लाइटचं बिंब दाखवत राहतं. ते बदलाच, मांजरपाटासारखं मॅट कापड हवं.

आता किती उजेड. "पडदा झगझगीत हवा" हा सल्ला मला जागोजागी ऐकू येतो, आणि तो चूक आहे. जास्त उजेड दिला की हिरवा रंग फिका पडून पांढऱ्याकडे झुकतो आणि केसांवर उसळणारं हिरवंही तेवढंच वाढतं. चेहऱ्यापेक्षा पडदा अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवा. साध्या पिक्चर प्रोफाइलमध्ये वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, पडद्याची रेघ 40 ते 50 च्या आसपास बारीक आणि आडवी दिसली, की मी समाधानी असते. रेघ जाड असेल किंवा एका बाजूला झुकली असेल तर पुन्हा लाइटकडे.

पाचवी : केसांवर स्वतःचा पांढरा उजेड टाका

अंतर आणि झाकणं करूनही तेलाची चमक उरते. त्यावर उपाय एक पाठलाइट. माणसाच्या मागून, उंचावरून, तिरका, डोक्यावर आणि खांद्यावर पडेल असा. रंग चेहऱ्याच्या लाइटचाच. आरशात हिरवा पडदा दिसत होता, आता त्याच आरशात पांढरा लाइट दिसेल, आणि तो जास्त जोरदार असल्यामुळे हिरवा त्याच्याखाली दबेल. लाइटचं तोंड कॅमेऱ्यात घुसत असेल तर काळ्या पुठ्ठ्याचा कटर लावा.

या लाइटवर गुलाबी जिलेटिन लावून हिरव्याला मारण्याची जुनी युक्ती आहे. मी ती सोडून दिली. माणूस एका जागी बसून असेल तर जमते, पण बाई फळ्याकडे दोन पावलं सरकल्या की हिरवं कमी आणि गुलाबी जास्त होतं, आणि गुलाबी केस दुरुस्त करणं हिरव्यांपेक्षा कटकटीचं.

शूटच्या आधी टिश्यू पेपर केसांवर हलका दाबून वरचं तेल टिपून घेतलं तरी फरक पडतो. आणि हे सांगताना जरा जपून. बाई म्हणाल्या, "म्हणजे मी तेलकट दिसते का?" मी म्हटलं, "नाही हो बाई, कॅमेऱ्याला चमक सहन होत नाही." वाद तिथेच मिटला.

सहावी : आता की. एक नाही, दोन

इथपर्यंतचं झालं असेल तर सॉफ्टवेअरमधलं काम अर्ध्या तासाचं. मी आफ्टर इफेक्ट्समधल्या कीलाइटचं सांगते. रिझॉल्व्हच्या फ्यूजनमधल्या `Delta Keyer` मध्ये नावं वेगळी आहेत, विचार तोच.

आधी माणसाभोवती ढोबळ मास्क आखून बाकीची खोली, काळं कापड, स्टँड सगळं कापा. मग `Screen Colour` चा आयड्रॉपर पडद्यावर टेकवा, पण कोपऱ्यात नाही, केसांच्या अगदी जवळच्या हिरव्यावर. चूक झाली तर ती केसांपासून लांब व्हावी. `View` मध्ये `Screen Matte` निवडा. पडदा काळा आणि माणूस पांढरा दिसायला हवा, केसांच्या टोकांना राखाडी. ती राखाडी म्हणजेच तुमचे केस. `Clip Black` वाढवताना आणि `Clip White` कमी करताना नजर तिथेच ठेवा, पार्श्वभूमीवर नको. राखाडी टोकं आखूड व्हायला लागली की थांबा.

आता पेच असा येतो, की केस जपावेत इतकी की मऊ ठेवली तर माणसाच्या पोटात भोकं पडतात, आणि भोकं बुजवावीत तर केस जातात. एकाच कीकडून दोन्ही मागू नका. लेयरची नक्कल करा. खालच्या लेयरवर मऊ की, फक्त केसांचा विचार करून. वरच्या लेयरवर कडक की, आणि तिला आतल्या बाजूला इतकं आवळा (`Screen Shrink/Grow` उणे करून) की तिची कड केसांच्या आत दाट भागात संपेल. कडक की पोट भरते, मऊ की टोकं देते. पेच सुटला.

उरलेलं हिरवं काढण्यामागचं गणित जवळपास सगळीकडे एकच आहे. प्रत्येक पिक्सेलमध्ये हिरवा आकडा लाल-निळ्याच्या सरासरीपेक्षा वर गेला, तर त्याला सरासरीवर आणून बसवायचं :

```
G = min(G, (R + B) / 2)
```

बाईंच्या सुरुवातीच्या आकड्यांवर लावून पाहा. 44, 71, 38. सरासरी 41, म्हणजे नवा रंग 44, 41, 38. काळाभोर. त्वचेचा रंग समजा 205, 150, 120 असेल, तर सरासरी 162.5 आणि हिरवा त्याच्या खालीच आहे, म्हणून त्वचेला धक्का लागत नाही. पण पिवळा रंग इथे सापडतो. हळदी साडी समजा 225, 175, 45. सरासरी 135, म्हणून हिरवा 175 चा 135 होतो आणि हळदी साडी केशरी होऊन बसते. हा प्रकार माझ्या एका लग्नाच्या टीझरमध्ये झाला होता. नवरीच्या आईने फोन करून विचारलं, "साडी कोणाची दाखवलीये?"

अशा वेळी सरासरीऐवजी लाल-निळ्यातल्या मोठ्या आकड्याशी तुलना करणारी पद्धत घ्यावी. साडी तशीच राहते, कारण 175 हा 225 च्या खाली आहे. केसांचे मात्र 44, 44, 38 होतात, म्हणजे थोडी पिवळट झाक उरते. म्हणून शहाणपण हे, की सरासरीवाली पद्धत मास्क लावून फक्त केसांवर चालवा आणि साडी, झेंडूचे हार यांना त्यातून वगळा.

काळपट किनारीचं कारणही या आकड्यांतच आहे. आपल्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा, एचडी व्हिडिओच्या मानकात जवळपास 72 टक्के. हिरवा 71 चा 41 केला म्हणजे त्या पिक्सेलचा उजेडच सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटला. म्हणून मूळ शॉटमध्ये हिरवं जितकं कमी तितकी किनार कमी. उरलीच तर ज्या जागेवरून हिरवं काढलं तिथे नव्या पार्श्वभूमीचा रंग थोडा मिसळा. कीलाइटमध्ये `Replace Method` आणि `Replace Colour` त्यासाठीच आहेत. आफ्टर इफेक्ट्समध्ये `Keylight + Key Cleaner + Advanced Spill Suppressor` असा तयार प्रीसेट मिळतो. त्यातला तिसरा इफेक्ट मुळात बंद असतो, तो आपणच चालू करायचा. "प्रीसेट लावला पण हिरवं तसंच" अशी तक्रार घेऊन आलेल्या तीन जणांना मी फक्त तेवढं बटण दाबून दिलं आहे.

शेवटी नवी पार्श्वभूमी लावूनच केसांचा निकाल द्या. काळ्या किंवा पांढऱ्या रंगावर पाहून ठरवू नका. काळे केस पांढऱ्याशुभ्र प्रयोगशाळेपुढे ठेवले तर प्रत्येक दोष ओरडतो, आणि लाकडी कपाटाच्या गडद पार्श्वभूमीवर तोच शॉट स्वच्छ वाटतो. बाईंच्या लेक्चरची पार्श्वभूमी आम्ही शेवटी थोडी गडद आणि किंचित धूसर केली. दहा मिनिटांचं काम होतं.

कुठे थांबायचं

विजेपाशी सगळ्यात आधी. भाड्याने आणलेले हजार वॉटचे दोन हॅलोजन घरातल्या एका एक्स्टेंशनवर लावू नका. 230 व्होल्टवर दोघं मिळून पावणेनऊ अँपियरच्या आसपास ओढतात आणि आपलं साधं सॉकेट 6 अँपियरचं असतं. प्लग गरम लागला, वास आला, की शूट बंद आणि इलेक्ट्रिशियन. हे मी एकटीने कधीच सोडवायला बसत नाही.

कपड्यांत किंवा दागिन्यांत हिरवं असेल तर कीशी झटापट करू नका. हिरवा चुडा आणि हिरवी साडी घातलेल्या नवरीसाठी निळा पडदा आणा. निळ्याला उजेड जास्त लागतो आणि गाळही जास्त दिसतो, पण चुडा तरी हातात राहतो.

शूट होऊन गेलं आहे, पुन्हा करता येत नाही आणि मोकळे केस वाऱ्यावर उडत आहेत, किंवा अंगावर जाळीची ओढणी आहे, अशा शॉटवर मी स्वतःला दोन तास देते. तेवढ्यात जमलं नाही तर तो रोटो करणाऱ्याकडे जातो. फ्रेमन् फ्रेम हाताने आखणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि 25 फ्रेमच्या हिशोबाने दहा सेकंद म्हणजे 250 फ्रेम. आधी किंमत विचारा. बोलणारा माणूस आणि पडदा अजून हाताशी असेल, तर पुन्हा शूट करणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

त्यांच्याकडे देताना कॅमेऱ्यातली मूळ फाइल द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेली नको. आणि सोबत त्याच लाइटमधला रिकाम्या पडद्याचा पाच सेकंदांचा शॉट. माणूस नसलेला पडदा मिळाला की असमान उजेडाची वजाबाकी करता येते. फ्यूजनमध्ये त्याच कामासाठी `Clean Plate` नावाचं वेगळं टूल आहे. मी आता प्रत्येक लेक्चरआधी तो शॉट घेतेच. बाई तेवढ्या वेळात खडू शोधतात.